रोबस्टा म्हणजे ‘कडक’ का?

“सर, घरी स्टीलचा फिल्टर आणलाय आणि पावडर पहिल्यांदाच विकत घेतेय. पाकिटांवर ‘अरेबिका ८०, रोबस्टा २०’ असं काहीबाही असतं. दुकानदार म्हणाला, रोबस्टा म्हणजे कडक. मला कॉफी कडकच लागते, मग स्वस्तातली रोबस्टाच घेऊ का? अन् ‘क्रेमा’ म्हणजे साय का?” (परभणीहून)

दुकानदाराचं चुकलं म्हणवत नाही, पण शब्दाचा अर्थ तो नाही. लॅटिनमध्ये ‘रोबुर’ म्हणजे ओकचं झाड आणि त्याचं टणक लाकूड. त्यावरून ‘रोबुस्तुस’, म्हणजे दणकट, काटक. हे विशेषण कपातल्या कॉफीला लावलेलं नाही, झाडाला लावलेलं आहे. गव्हावर पडणारा तांबेरा आपल्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. कॉफीच्या पानांवरही त्याच जातकुळीतली एक बुरशी पडते. १८६९ मध्ये ती सिलोनात दिसली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले अरेबिकाचे मळे तिने उजाड केले. त्यानंतर मळेवाल्यांना रोगाला न जुमानणारं, सखल भागातल्या दमट उकाड्यात टिकणारं झाड हवं होतं. आफ्रिकेतली एक जात या कामाला उतरली, तीच रोबस्टा. शास्त्रीय नाव ‘कॉफिया कॅनेफोरा’, पण बाजारात दणकटपणाचं नावच चिकटलं.

‘अरेबिका’ हे नावही थोडं फसवंच. १७५३ मध्ये लिनियसने ‘कॉफिया अरेबिका’ असं बारसं केलं, कारण युरोपला कॉफी पोचली ती अरबांकडून, येमेनच्या बंदरांतून. झाड मूळचं इथिओपियाच्या डोंगरांतलं. बाळ एकीकडचं आणि नाव दाईच्या गावाचं, असा प्रकार.

इथे आपल्याकडच्या माणसाला शाळू आणि हायब्रीड ज्वारी आठवते. एक चवीची, नाजूक आणि महाग. दुसरी भरपूर पिकणारी, स्वस्त आणि भाकरीला जरा उणी. उपमा बाजारापुरती बरोबर आहे, पण वंशावळीत ती नेमकी उलटी पडते. रोबस्टा संकरित नाही. उलट अरेबिकाच फार पूर्वी रानात आपोआप झालेल्या संकरातून आली आणि त्या संकराच्या दोन पालकांपैकी एक खुद्द रोबस्टाची जात आहे. म्हणजे नाजूक लेक आणि काटक बाप.

आता तुमच्या ‘कडक’कडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. मराठीत ऊन कडक असतं, इस्त्री कडक असते, हेडमास्तर कडक असतात, आणि टपरीवर ‘एक कडक’ म्हटलं की चहा येतो. एवढं राबणारा शब्द कॉफीजवळ आला की त्याचे तीन अर्थ एकमेकांत मिसळतात. एक म्हणजे कडू. दुसरा म्हणजे रंगाने गडद आणि दाट. तिसरा म्हणजे झोप उडवणारी. या तिन्ही गोष्टी एकाच पाकिटात असतीलच असं नाही, म्हणून ‘कडक’ न म्हणता यातलं नेमकं काय हवं ते आधी ठरवा.

झोप उडवण्याचं काम कॅफीनचं. ते झाडाचं किडींविरुद्धचं विष आहे. सखल, उष्ण भागात कीड जास्त आणि रोबस्टात कॅफीनही जास्त. अरेबिकाच्या बियांत साधारण १.२ टक्के, तर रोबस्टात साधारण २.२ टक्के धरतात. झाडागणिक आकडा खालीवर होतो, पण हिशेबाला हे पुरेत. एका कपाला १० ग्रॅम पावडर घेतली, तर शुद्ध अरेबिकात १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि शुद्ध रोबस्टात २२०. सगळंच काही कपात उतरत नाही, मात्र प्रमाण तेच राहतं. तुम्ही पाहिलेल्या ८०:२० पाकिटात ८ ग्रॅम अरेबिकाचे ९६ आणि २ ग्रॅम रोबस्टाचे ४४, मिळून १४०.

फिल्टरच्या पावडरीत मात्र तिसरा गडी असतो, चिकोरी. ती एका झाडाची भाजलेली मुळी आहे आणि तिच्यात कॅफीन मुळीच नसतं. पण रंग काळाभोर, काढा दाट आणि वर कडवट गोडवा. अरेबिकात ३० टक्के चिकोरी घातली तर त्याच १० ग्रॅममध्ये कॉफी उरली ७ ग्रॅम आणि कॅफीन ८४ मिलिग्रॅम. म्हणजे या सगळ्या कपांत दिसायला सगळ्यात ‘कडक’ असलेला कप झोपेला सगळ्यात मऊ! काळपट भाजलेल्या बियांचंही तसंच. भाजण्याने कडूपणा वाढतो, कॅफीन वाढत नाही.

चवीबद्दल सांगताना आणखी एक शब्द मध्ये येतो. अरेबिकाच्या पाकिटावर ‘ॲसिडिटी’ हे कौतुक म्हणून छापलेलं असतं. आपल्याकडे ॲसिडिटी म्हणजे पित्त, त्यामुळे माझ्या एका नातेवाइकाने ते पाकीट हात न लावता परत ठेवलं. चाखणाऱ्यांना त्यातून म्हणायचं असतं आंबटसर तजेला, जालन्याच्या मोसंबीत असतो तसा. अरेबिकात साखर आणि तेल रोबस्टापेक्षा जास्त असतं. त्यामुळे भाजल्यावर गोडसर, कधी फळासारखा, कधी फुलासारखा वास येतो. रोबस्टा जड, कडू, भाजलेल्या शेंगदाण्याकडे आणि लाकडाकडे झुकणारी. वाईट प्रतीची असेल तर जळक्या रबराची आठवण होते. पण भरपूर दूध-साखर घातली तरी ती दबत नाही, हा तिचा मोठा गुण. अरेबिका तिथे हरवते. वर जायफळ किसून घालणार असाल, जसं माझी आई घालायची, तर दोघींमधला फरक शोधायला दुर्बीण लागेल.

आणि एक गोष्ट पाकिटावर कुठेच लिहिलेली नसते, ती म्हणजे पाणी. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या जड पाण्यात बायकार्बोनेट क्षार भरपूर असतात. सोड्याने जसा लिंबाचा आंबटपणा मरतो, तसेच ते क्षार कॉफीतलं आम्ल मारतात. अरेबिकासाठी जे जास्तीचे पैसे मोजले, नेमका तोच गुण पाण्यात जातो आणि कप सपक, खडूसारखा लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. किटलीच्या बुडाला पांढरा थर धरत असेल तर अरेबिकाला शुद्ध केलेलं पाणी वापरा. रोबस्टाचा कडूपणा या पाण्यात फारसा हलत नाही, त्यामुळे बोअरवरच भागवायचं असेल तर महागडी अरेबिका घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘क्रेमा’ हा इटालियन शब्द, अर्थ साय किंवा मलई. पण भाषांतर म्हणून ‘साय’ घेतलीत तर फसाल, कारण त्यात दुधाचा थेंब नसतो. एस्प्रेसोच्या यंत्रात सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी पावडरीतून जातं. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड त्या दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि कपात उतरताना बारीक बुडबुड्यांनी बाहेर येतो. तो तपकिरी थर म्हणजे क्रेमा. मी त्याला ‘फेस’च म्हणतो. रोबस्टाचा फेस जाड आणि टिकाऊ, कारण तिच्यात तेल कमी आणि तेल फेस मोडतं. अरेबिकाचा पातळ, लवकर विरणारा. म्हणून एस्प्रेसोच्या मिश्रणात थोडी रोबस्टा मुद्दाम घालतात. जाड फेस म्हणजे उंची कॉफी, असं मात्र नाही. नुसता फेस चमच्याने चाखून पाहा, कडूच लागतो. तुमच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी आपल्याच वजनाने ठिबकतं, दाब नाहीच, तेव्हा क्रेमाही नाही. वरून धार धरून ओतल्यावर येतो तो दुधाचा फेस, आणि साखरेत फेटलेल्या इन्स्टंटचा फेस आणखी निराळा. क्रेमासाठी म्हणून तुम्ही एक रुपयाही जास्त देऊ नका.

अरेबिका महाग का, ते झाडावरूनच कळतं. तिला थंड उंची लागते, आपल्या देशात साधारण १,००० मीटरच्या वर. उत्पन्न कमी, रोगाची भीती कायम. रोबस्टा खालच्या उतारावर भरघोस येते; भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के तीच, बहुतेक कर्नाटक आणि केरळातली. जुना अंदाज असा की रोबस्टा अरेबिकाच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश भावात मिळते. २०२४ मध्ये व्हिएतनामातल्या दुष्काळाने रोबस्टा इतकी चढली की दोघींतलं अंतर बरंच मिटलं, तेव्हा ‘स्वस्तातली’ हे विशेषण जपून वापरा.

भाव पाहताना चिकोरी वजा करून पाहा. समजा २५० ग्रॅमचं ३० टक्के चिकोरीवालं पाकीट २०० रुपयांना आहे आणि तेवढंच शुद्ध रोबस्टाचं २२०ला. पहिल्यात कॉफी १७५ ग्रॅमच, म्हणजे १०० ग्रॅम कॉफी पडली ११४ रुपयांना. दुसऱ्यात ती ८८लाच पडते. चिकोरीचं प्रमाण छापणं कायद्याने बंधनकारक आहे, बारीक अक्षरात का होईना, ते सापडतंच.

पाकिटावरच्या शब्दांनी मीही फसलोय. एकदा ‘अरेबिका चेरी’ वाचून चेरीची चव येईल म्हणून मोठ्या हौसेने आणली आणि कपात आली मातकट, जड चव. ‘चेरी’ म्हणजे कॉफीचं लाल फळ. ते फळ अख्खंच वाळवून मग बी काढली की आपल्या बाजारात त्या मालाला चेरी म्हणतात. गर आधी काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’ म्हणतात आणि तशाच रोबस्टाला ‘पार्चमेंट’. धुतलेला माल चवीला स्वच्छ. ‘प्लँटेशन ए’मधला ए हा चवीचा पहिला नंबर नाही, तो चाळणीचा आहे, म्हणजे बी मोठी. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी: फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी. (बी म्हणतोय, कारण ‘दाणे’ म्हटलं की आपल्याकडे शेंगदाणेच डोळ्यापुढे येतात. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला ‘बुंद’ असा सुंदर शब्द होता, अरबी ‘बुन्न’वरून आलेला. तो आपण उगाच टाकला.)

तुम्ही दूध-साखरेची घेणार आणि ‘कडक’ म्हणजे तुमच्या लेखी दाट नि झोप उडवणारी असेल, तर रोबस्टा पार्चमेंट १०० ग्रॅम आणि प्लँटेशन ए १०० ग्रॅम, दोन्ही चिकोरीशिवाय, अशी वेगवेगळी आणा. पहिल्या दिवशी निम्मी-निम्मी घाला. कडू वाटली तर रोबस्टा चमच्याने कमी करत जा, दुधात हरवली तर वाढवा. रात्री नऊनंतर मात्र रोबस्टाचा डबा उघडू नका.