जागा नंतर ठरवू, आधी तो बॉण्ड परत करा

प्रश्न: मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, वय 47, खाजगी नोकरी, हातात 58,000 पगार येतो. मुलाला इंदूरला खंडवा रोडवरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. हॉस्टेलचे मेससह वर्षाचे 96,000 आहेत, पण ते 10 जुलैपर्यंत एकरकमी मागतात. भंवरकुआँला पीजी जेवणासह महिना 8,500, वर जीएसटी. तिसरा पर्याय 16,000 भाड्याचा टू बीएचके. मुलाचे दोन मित्र नक्की आहेत, चौथा मिळेलच. म्हणजे माणशी 4,000 आणि टिफिनचे 3,000, वर्षाचे 84,000. अॅग्रीमेंट माझ्या नावावर करून 32,000 अनामत मीच भरणार आहे. एकरकमी देणं जमत नाही, कारण बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून मे महिन्यात 4 लाखांची एफडी मोडून 2 लाख गॅरंटीड योजनेत भरले. उरलेले 2 लाख पुढच्या हप्त्यासाठी राखून ठेवले आहेत. योजनेतून वर्षाला 1 लाख येणार, त्यातून मुलाचं राहणं निघेल. बॉण्ड 6 जूनला पोस्टाने आला. फ्लॅट घेऊ की पीजी?

उत्तर: तुमचं पत्र 24 जूनला मिळालं. त्याच रात्री हे उत्तर तुम्हाला ईमेलने पाठवलं, कारण तुमच्या हातात 6 जुलैपर्यंतच वेळ आहे आणि ती तारीख हॉस्टेलची नाही, बॉण्ड परत करण्याची आहे.

बॉण्डचा फोटो मागवून पाहिला. तुमची योजना म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी आहे आणि बॉण्ड हा तिचा दस्तऐवज. पहिल्याच पानावरच्या चौकटीत दोन ओळी आहेत: प्रीमियम भरण्याचा कालावधी 7 वर्षे, पॉलिसीची मुदत 25 वर्षे. तुम्ही सात वर्षं दरवर्षी 2 लाख, म्हणजे एकूण 14 लाख भरायचे. मग आठव्या वर्षापासून पुढची 18 वर्षं दरवर्षी 1 लाख मिळणार आणि अखेरीला 14 लाख परत. साहेबांनी सांगितलेला 1 लाख खरा आहे, फक्त तो सुरू होईल तेव्हा तुमच्या मुलाला इंजिनिअर होऊन तीन-चार वर्षं झालेली असतील. त्याच्या भाड्यात या योजनेतून एक रुपयाही येणार नाही. उलट ज्या चार वर्षांत तुम्हाला पैसा लागणार, नेमक्या त्याच चार वर्षांत ही योजना तुमच्याकडून 8 लाख घेणार.

आता हे तुमच्या पगारावर मांडून पाहा. वर्षाला 2 लाख म्हणजे महिना जवळजवळ 17,000. मुलाचं राहणं-खाणं धरून आणखी 8 ते 9 हजार. त्यावर कॉलेजची फी. 58,000 मधून हे भागत नाही, आणि न भागल्यावर दुसरा किंवा तिसरा हप्ता चुकतो. ‘दोन-तीन हप्ते भरून थांबलं तरी चालतं’ असं तुम्हाला सांगितलं असेल, बहुतेकांना सांगतातच. पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर पॉलिसी सोडली तर काही रक्कम परत मिळते हे खरं, पण सुरुवातीच्या वर्षांत ती भरलेल्या पैशांपेक्षा बरीच कमी असते. आणि सातही हप्ते वेळेवर भरून 25 वर्षं थांबलात तरी परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास बसतो. तुमची मोडलेली एफडी याहून जास्त देत होती आणि हवी तेव्हा हाताशी होती.

मला सगळ्यात जास्त चीड याची येते की त्या साहेबांच्या समोर तुमचं खातं उघडं होतं. पगार किती, एफडी किती, मुलाची बारावी झाली, हे सगळं त्यांना दिसत होतं. जून-जुलैत फी भरायला लागणारे पैसे त्यांनी मे महिन्यात 25 वर्षांच्या मुदतीत नेऊन घातले. विमा कंपनीकडून खातरजमेचा फोन येतो तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असं बँकेतूनच सांगून ठेवतात. तुम्हीही हो म्हणाला असाल. त्याची धास्ती बाळगू नका, खाली दिलेल्या हक्काआड तो फोन येत नाही.

आयुर्विमा पॉलिसीचा दस्तऐवज हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. पोस्टाचं पाकीट जपून ठेवा, त्यावरचा शिक्का हा तारखेचा पुरावा. साधा अर्ज लिहा: पॉलिसी क्रमांक, बॉण्ड मिळाल्याची तारीख, ‘फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करून प्रीमियम परत करावा’, आणि कारण एवढंच की प्रीमियमचा कालावधी आणि उत्पन्न सुरू होण्याचं वर्ष मला चुकीचं सांगितलं गेलं. सोबत मूळ बॉण्ड, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत जोडा. हा अर्ज बँकेत देऊ नका. विमा कंपनीच्या ग्वाल्हेरच्या शाखेत स्वतः जा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, आणि पॉलिसीत नोंदवलेल्या ईमेलवरून तोच अर्ज कंपनीला त्याच दिवशी पाठवा. बॉण्ड देण्याआधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढा.

कंपनी स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांपुरता जोखमीचा प्रीमियम कापते. तुमच्या बाबतीत तपासणी झालेली नाही, त्यामुळे दोन लाखांतले हजार-दोन हजार जातील, फार नाही. अर्ज मिळाल्यापासून 7 दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत. या दिवसांत तुम्हाला फोन येतील, साहेब घरीही येतील, ‘हप्ता कमी करून देतो’, ‘दुसऱ्या योजनेत वळवून देतो’ म्हणतील. कशावरही सही करू नका, 6 जुलै उलटली की हा हक्क संपतो. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार करा, आणि त्यानेही काम झालं नाही तर मध्य प्रदेशचा विमा लोकपाल भोपाळला बसतो.

आता जागेचं. तुमचा 84,000 चा आकडा फक्त भाडं आणि दोन वेळच्या डब्याचा आहे. चार मुलं आहेत असं धरूनच मी पुन्हा मांडतो. भाडं 4,000 प्रमाणे वर्षाचे 48,000, कारण मुलगा दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी आला तरी घरमालक थांबत नाही. डबा दहा महिने, 30,000. डब्यात सकाळचे पोहे नसतात आणि संध्याकाळचा चहाही नसतो, त्याचे महिना 1,200 धरा, 12,000. वीज, इंटरनेट, मेंटेनन्स, झाडू-पोछ्याची बाई आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मिळून माणशी महिना 1,000, म्हणजे आणखी 12,000. दलाली आणि अॅग्रीमेंटमधला वाटा 4,000. पलंग, गादी, टेबल, कूलर यांचे 10,000. कॉलेजला जाण्यायेण्याचे 8,000. बेरीज 1,24,000. चौथा मुलगा सहा महिने मिळाला नाही तर तिघांवर महिना 1,333 जास्त पडतात, म्हणजे आणखी 8,000. ‘मिळेलच’ या शब्दाची ही किंमत आहे.

पीजी बारा महिन्यांचे 1,02,000. त्यावर कूलर-एसीच्या मीटरचं बिल आणि रविवारी रात्री बहुतेक ठिकाणी स्वयंपाक बंद असतो तो खर्च धरून 1,10,000 च्या आसपास जाईल. मे-जूनमध्ये खोली सोडून दोन महिन्यांचे पैसे वाचवता येतात, पण जुलैत तोच पलंग मिळेल याची खात्री नसते. जीएसटीबद्दल मालकाला विचारा: राहण्याचं भाडं माणशी महिना 20,000 पर्यंत असेल आणि मुक्काम सलग 90 दिवसांहून कमी नसेल, तर जुलै 2024 पासून त्यावर जीएसटी लागत नाही. तरी मागत असेल तर बिलावर नोंदणी क्रमांकासह लिहून मागा.

हॉस्टेल 96,000, वरखर्च 5,000, म्हणजे 1 लाखाच्या जरा वर. तिन्हींत तेच स्वस्त आहे, कॉलेजच्या आवारात आहे आणि त्यात चौथ्या मुलाचा प्रश्नच येत नाही. तुम्ही ते नाकारलंत ते केवळ एकरकमी पैसे नाहीत म्हणून, आणि पैसे नाहीत ते पॉलिसीमुळे. पण पैसे आहेत. पुढच्या हप्त्यासाठी राखलेले 2 लाख बचत खात्यात पडून आहेत. त्यातून हॉस्टेलची फी याच आठवड्यात भरा, पॉलिसीचा परतावा येण्याची वाट पाहू नका. भरण्याआधी नियमावलीत दोन गोष्टी वाचा: मध्येच हॉस्टेल सोडलं तर किती परत मिळतं, आणि लांब सुट्टीत मेसचे पैसे वळते होतात का.

पॉलिसीचे पैसे आले की तुमच्याकडे साधारण 3 लाख उरतील. त्यांच्या 1-1 लाखाच्या तीन एफडी करा, साधारण एक, दोन आणि तीन वर्षांच्या, प्रत्येक जूनमध्ये संपेल अशी. चार वर्षांचं राहणं चार लाखांत बसतं, दरवर्षी वाढणारी रक्कम व्याजातून निघेल. म्हणजे मे महिन्यात तुम्ही मोडलेली एफडी या कामाला पुरेशीच होती. विम्याचं संरक्षण हवंच असेल, आणि तुमच्यावर घर चालतं म्हणून ते हवंच, तर निवृत्तीपर्यंतचा 50 लाखांचा टर्म विमा घ्या. प्रकृती ठीक असेल तर त्याचा हप्ता या दोन लाखांच्या दहाव्या भागाच्या आतच असेल.

दुसऱ्या वर्षी बऱ्याच कॉलेजांत हॉस्टेल नव्या मुलांना आधी देतात, तेव्हा फ्लॅट घ्यावा लागू शकतो. तोवर मुलाला कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण देत नाही हे कळलेलं असेल, आणि एकदाच होणारा सामानाचा खर्च जुन्या मुलांकडून निम्म्यात भागेल. तेव्हाही एकट्या तुमच्या नावावर अॅग्रीमेंट करू नका. आज ते केलंत तर दोन मुलं ऑक्टोबरमध्ये निघून गेल्यावर घरमालक पूर्ण 16,000 कायद्याने तुमच्याकडेच मागेल आणि 32,000 ची अनामत त्यातच वळती करून घेईल. चारही मुलांची नावं, प्रत्येकाच्या पालकाची सही, अनामत प्रत्येकाने आपापली 8,000 थेट घरमालकाच्या खात्यात भरलेली, आणि एक जण सोडून गेला तर त्याने किती दिवस आधी सांगायचं आणि बदली कोणी आणायचा, एवढं अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पावतीही घरमालकाकडून मागून ठेवा. दलालाला टोकन दिलं असेल तर ते आजच परत मागा, आणि नाही मिळालं तरी त्यापायी फ्लॅट घेऊ नका.