पेटी कॅशची व्हाउचर्स आणि शिल्लक जुळत नाही

प्रश्न: व्हाउचर्सचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. महिनाअखेरीस खातेवार लावून रोकड कशी जुळवायची?

उत्तर: आधी खाती पाडू नका, आधी क्रमांक लावा. प्रत्येक फोटोला व्हाउचर क्रमांकाचंच नाव द्या, म्हणजे गहाळ व्हाउचर आणि दोनदा आलेला फोटो तिथेच दिसतो. मग प्रवास, चहापाणी, कुरिअर, स्टेशनरी, दुरुस्ती एवढी खाती पुरतात. खातं खर्चाच्या कारणावरून ठरवा, दुकानावरून नाही. आणि कुणी उचल घेतली असेल तर ती खर्चात धरू नका. हिशेब येईपर्यंत तिची चिठ्ठी रोकडीसोबत मोजायची.

हातातली रोकड, व्हाउचर्स आणि उचल मिळून मूळ फ्लोटएवढी, म्हणजे पेटी कॅशला सुरुवातीला दिलेल्या ठरावीक रकमेएवढी, बेरीज यायलाच हवी. आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात फ्लोट १०,००० चा. एका महिन्यात उचल नव्हती, व्हाउचर्स ७,३४० आणि रोकड २,४८०, म्हणजे ९,८२०. तूट १८०. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की मी पहिला संशय उलट्या आकड्यांवर घेते. कुरिअरच्या व्हाउचरचा फोटो अंधुक होता, शीटमध्ये ४६० पडले होते. मूळ कागदावर अक्षरी 'सहाशे चाळीस' स्वच्छ होतं. म्हणून रक्कम नेहमी अक्षरी ओळीवरून तपासा.

तूट आली तर राहून गेलेलं व्हाउचर शोधा, वाढ आली तर दोनदा धरलेलं. स्वतःच्या खिशातून भरून मात्र जुळवू नका, चूक तशीच राहते. रोकड दुसऱ्या कुणासमोर मोजून सही घ्या.