वाक्य कुठे तोडायचं आणि कुठे अर्धं सोडायचं

अरे, पहिल्यांदा लिहितोयस ना, मग सध्या दोनच गोष्टी बघ, शुद्धलेखन वगैरे नंतर.

तुझं वाक्य घेऊ: "काल राजगडला गेलो पाऊस होता गाडी गुंजवण्यात लावली आणि वर चढलो तर धुकं इतकं की बालेकिल्ला दिसलाच नाही पण मजा आली." यात गेलो, होता, लावली, चढलो, दिसला, आली अशी सहा क्रियापदं आहेत आणि पूर्णविराम एकच. नवीन माणूस हमखास इथेच फसतो, बोलताना आपण श्वास घेतो तो कागदावर उतरत नाही (मीही बोलतो असाच म्हणा). क्रियापद आलं की थांबून बघ, पुढे नवी गोष्ट सुरू होतेय का? होत असेल तर तोड:

"काल राजगडला गेलो. गाडी गुंजवण्यात लावली आणि पावसातच वर चढलो. धुकं इतकं की बालेकिल्ला दिसलाच नाही. पण मजा आली!"

नुसत्या स्वल्पविरामाने हे काम होत नाही हां.

आता अर्धवट वाक्य. "जे पहिल्यांदा जाणार आहेत." इथे क्रियापद आहे, तरी वाक्य लटकतं, कारण 'जे' आलं की वाचणारा 'त्यांनी'ची वाट बघतो. 'जेव्हा', 'जर' यांचंही तसंच, जोडीदार हवाच.

उलट "वर नुसतं धुकं." यात क्रियापद नाही, पण चालतं. मराठीत 'आहे', 'होतं' गाळलं तरी अर्थ पोचतो. "किती चढ? दोन-अडीच तास." हेही चालतं, उत्तर आहे ना ते. फक्त अशी तुटक वाक्यं ओळीने चार नको टाकूस, तार आल्यासारखं वाटतं.