क्रॉन जॉब भलत्याच वेळेला का चालतो?

प्रश्न: क्रॉनटॅबमध्ये रात्री 2 चा बॅकअप लावलाय, तो रोज सकाळी साडेसातला चालतो. सर्व्हरचं घड्याळ बिघडलंय का?

घड्याळ बरोबरच आहे, फक्त ते यूटीसीत चालतंय आणि क्रॉन तुमचा 2 हा आकडा यूटीसीचाच धरतो, तुमची वेळ साडेपाच तास पुढे म्हणून तुम्हाला 7:30 दिसतात. रात्री 2 लाच हवा असेल तर साडेपाच तास मागे जा, म्हणजे आदल्या दिवशीचे 20:30:

```
30 20 * * * /opt/backup.sh
```

रोजच्या जॉबला एवढं पुरतं, पण आठवड्याच्या जॉबला खरी गंमत होते. सोमवारी रात्री 2 चा जॉब असेल तर यूटीसीत तेव्हा अजून रविवार असतो, त्यामुळे शेवटचा आकडा 1 नाही, 0 टाकायचा, मी हे विसरलो होतो आणि सोमवारचा रिपोर्ट मंगळवारी यायचा 😅 1 तारखेच्या जॉबचं तर अजून अवघड, आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस क्रॉनमध्ये सरळ लिहिताच येत नाही.

`cronie` हा क्रॉन वापरणाऱ्या सिस्टिमवर क्रॉनटॅबमध्ये वरती `CRON_TZ=Asia/Kolkata` लिहिलं की आकडे बदलायची गरज नाही. डेबियनच्या जुन्या क्रॉनमध्ये हे चालत नाही, आणि नुसतं `TZ` लिहिलं तर स्क्रिप्टमधली वेळ बदलते, जॉब सुटायची नाही.

आणि हो, `timedatectl` ने सर्व्हरचा झोनच बदललात तर क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच वेळेवर चालत राहू शकतो.