कौतुक ताईंचं, आणि समोर बसलेला तो

"मॅडम, आमच्या ऑफिसातल्या एका ताईंमुळे मोठं नुकसान टळलं. साहेब म्हणाले, सोमवारी सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोल. पण ज्याच्या हातून चूक झाली तो पोरगा तिथेच बसलेला असणार. ताईंचं कौतुक करायला गेलो तर त्याची चारचौघांत शोभा होणार, आणि गप्प बसलो तर ताईंवर अन्याय. काय बोलू?"

नाशिकमधल्या एका द्राक्ष निर्यात कंपनीचा हा तरुण टीम लीड ऐन हंगामात माझ्याकडे आला होता. त्याच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. हाच पेच घेऊन सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सुपरवायझर येतात, दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर येतात. म्हणून सविस्तर सांगते.

त्याने भाषण लिहूनच आणलं होतं. ते मी बाजूला ठेवायला सांगितलं आणि शनिवारी काय झालं ते क्रमाने विचारलं. कौतुकाचं भाषण बिघडतं ते बहुतेकदा इथेच. नुकसान किती टळलं हे बोलणाऱ्याला पाठ असतं, पण त्या माणसाने नेमकं काय केलं हे त्याने विचारलेलंच नसतं.

या टीमचं काम कागदपत्रांचं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचा अर्ज, जहाज कंपनीकडे कंटेनरचं बुकिंग. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी पेंडिंग काढायचं असा शिरस्ता. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे पेंडिंगचा आकडा असतो आणि घरी जाताना तो शून्य व्हावा अशी अपेक्षा. ताईंच्या वाट्याला आलेल्या मेल नुसत्या फाइलला लावायच्या होत्या. उघडायची, योग्य शिपमेंटला जोडायची, टिक करायची, पुढची घ्यायची. त्यातले आकडे तपासणं हे त्यांचं काम नव्हतं.

रॉटरडॅमला जाणाऱ्या दोन कंटेनरचं बुकिंग कन्फर्मेशन त्यांनी उघडलं तेव्हा तापमानाच्या रकान्यात `-5.0` दिसलं. द्राक्षं शून्याच्या जरा खाली, साधारण उणे ०.५ अंशाला पाठवतात. ताईंनी टिक केलं नाही. आदल्या आठवड्याची रॉटरडॅमचीच फाइल काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग बुकिंग केलेल्या मुलाला विचारलं, "हे बघ रे, हा आकडा बरोबर आहे का?" तो स्वतःच्या पेंडिंगमध्ये बुडालेला. मान वर न करता म्हणाला, "जहाज कंपनीने कन्फर्म केलंय ना ताई, मग बरोबरच असेल." ताईंचं समाधान झालं नाही. टीम लीड तेव्हा पिंपळगावला पॅकहाउसवर होता. त्यांनी त्याला फोन लावला. रिकामे कंटेनर रविवारी सकाळी यार्डातून निघणार होते, त्याआधी बुकिंग दुरुस्त झालं.

द्राक्षं उणे दोनच्या खाली गेली की आधी देठ आणि मग मणी गोठायला लागतात. गोठलेला मणी नंतर पाणी सोडतो, मऊ पडतो, तपकिरी होतो. हे कळलं असतं थेट रॉटरडॅमला कंटेनर उघडल्यावर, कित्येक आठवड्यांनी. आणि दावा तरी कोणावर करणार? कंटेनरने सांगितलेलं तापमान इमानेइतबारे पाळलेलं असतं, चुकीचं सांगणारे आपणच. दोन कंटेनरचा माल पंचवीस लाखांच्या वर जात होता, आणि त्यामागे द्राक्षं दिलेले शेतकरी.

आता त्याने लिहिलेलं भाषण बघा: "ताईंनी परवा कंपनीला वाचवलं. एका निष्काळजीपणामुळे पंचवीस लाख पाण्यात गेले असते. ताईंची नजर म्हणजे घारीची नजर. सगळ्यांनी त्यांच्यासारखं लक्ष देऊन काम केलं तर अशा चुका होणारच नाहीत."

मनापासून लिहिलं होतं, तरी यातलं प्रत्येक वाक्य कोणाला ना कोणाला लागणार होतं. "निष्काळजीपणा" म्हणताक्षणी सगळ्या माना त्या मुलाकडे वळणार, नाव घ्यायची गरजच नाही. "घारीची नजर" ही ताईंना जन्मजात मिळालेली देणगी झाली. बाकीच्यांनी त्यातून काय शिकायचं? आणि शेवटच्या वाक्यात कौतुकाचा फटका होतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, म्हणजे आम्ही लक्ष देत नाही. अशा भाषणानंतर लोक ताईंपासून चार हात लांब राहायला लागतात हे मी पाहिलेलं आहे.

मी त्याला विचारलं, "त्या दिवशी ताईंचं पेंडिंग शून्य झालं का?" तो थोडा विचारात पडला. नाही झालं. त्या फोनाफोनीत त्यांच्या बऱ्याच मेल राहिल्या होत्या आणि सोमवारी सकाळी फळ्यावर सगळ्यात मोठा आकडा ताईंच्याच नावापुढे दिसणार होता. माझ्या मते संपूर्ण भाषणाचा गाभा इथे आहे. जिथे मोजमाप पेंडिंगचं होतं, तिथे थांबणाऱ्या माणसाचा आकडा खराब होतो. टीम लीड तोंडाने कौतुक करत असेल आणि भिंतीवरचा फळा उलटं सांगत असेल, तर लोक फळ्यावर विश्वास ठेवतात.

भाषणाआधी दोन भेटी घ्यायला सांगितल्या. पहिली त्या मुलाची, एकट्याने, सोमवारच्या मीटिंगच्या आधीच. "तुझं नाव घेणार नाही" एवढं सांगून भागत नाही, कारण नाव सगळ्यांना माहीत असतं. मी काय बोलणार आहे ते शब्दशः त्याला ऐकव म्हटलं, आणि त्याला काय खटकतं ते विचार. तो मुलगा म्हणाला, "सर, चूक माझीच आहे, पण ताईंनी विचारलं तेव्हा मी वर बघितलं नाही याचं जास्त वाईट वाटतंय." हे त्याला स्वतःहून सुचलं. ओरडा खाल्ला असता तर तो आकडा कसा चुकला याची सफाई देत बसला असता.

दुसरी भेट ताईंची. सगळ्यांसमोर बोललेलं चालेल का, हे विचारल्याशिवाय कोणाचं जाहीर कौतुक करू नये. पुष्कळ माणसांना, विशेषतः वर्षानुवर्षं मागच्या टेबलावर गुपचूप काम करणाऱ्यांना, उभं करून टाळ्या वाजवल्या की शिक्षा झाल्यासारखं वाटतं. ताई म्हणाल्या, "बोला, पण मला पुढे बोलावू नका. आणि त्या पोराला वाईट वाटेल असं काही नको, रोज शेजारी बसतो तो." दोन्ही अटी मान्य झाल्या.

मग आम्ही बसून भाषण नव्याने लिहिलं. त्याने सोमवारी म्हटलं ते असं:

"दोन मिनिटं घेतो. शनिवारी संध्याकाळी ताई पेंडिंग काढत होत्या. एका कन्फर्मेशनवर तापमान उणे पाच दिसलं. त्या मेलवर टिक करून पुढे जाता आलं असतं, ताईंचं काम तेवढंच होतं. त्या थांबल्या. जुनी फाइल काढून ताडून बघितली, विचारलं, आणि तरी शंका राहिली म्हणून मला फोन केला. त्यामुळे दोन कंटेनर वाचले. उणे पाच हा आकडा आपल्याच ऑफिसातून गेला होता आणि तो माझ्यासह कोणीही दुसऱ्यांदा वाचला नव्हता. जहाज कंपनी कन्फर्म करते म्हणजे आपलाच आकडा आपल्याला परत पाठवते, हे मलाही त्या दिवशी नीट कळलं. थांबल्यामुळे ताईंच्या मेल राहिल्या. त्या मी आज वाटून घेतो, आणि शंकेसाठी थांबलेलं काम यापुढे फळ्यावर पेंडिंगमध्ये मोजायचं नाही. आजपासून बुकिंगमध्ये तापमान आकड्यात आणि अक्षरातही लिहायचं, आणि पाठवण्याआधी शेजारच्याला दाखवायचं. ताई, मनापासून आभार."

पंचवीस लाख त्यात नाहीत. साहेबांना ते हवे होते. पण रक्कम बोलली की ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेवढीच राहते, आणि ती जितकी मोठी तितकं चूक करणाऱ्याच्या मानेवरचं ओझं जड. शिवाय उद्या कोणाला पाचशे रुपयांची चूक दिसली तर त्याला वाटायला नको की एवढ्याशासाठी काय सांगायचं. "आपल्याच ऑफिसातून गेला होता" हे वाक्य मात्र मी आग्रहाने ठेवलं. चूक झालीच नाही असा आव आणला तर ताईंनी केलेल्या कामालाही अर्थ उरत नाही.

इथे मला एमी एडमंडसन या हार्वर्डमधल्या संशोधिकेचं काम आठवतं. रुग्णालयातल्या औषधांच्या चुकांवरचा त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांमध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. उलट तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. कारण तिथल्या परिचारिका चूक दिसली की बोलत होत्या, लपवत नव्हत्या. त्यामुळे मी टीम लीडला सांगून ठेवलं की पुढच्या काही आठवड्यांत शंका आणि चुका वाढल्यासारख्या वाटल्या तर घाबरू नकोस. काळजी करायची ती ऑफिस शांत झालं तर, किंवा ताईंना चिडवायला सुरुवात झाली तर.

चिडवाचिडवी झाली नाही, पण एक जुना सहकारी चहाच्या वेळी म्हणाला, "आम्हीपण बघतोच की रोज. आमच्यासाठी कोण दोन मिनिटं काढतं?" टीम लीडने अस्वस्थ होऊन मला फोन केला. हा मत्सर आहे असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, त्याला विचार की त्याने काय काय पकडलं आहे, आणि वही घेऊन बस. निघालं ते असं: पॅकिंग लिस्टमधलं निव्वळ वजन आणि खोक्यांची संख्या जुळत नाही हे तो गेले दोन हंगाम गुपचूप दुरुस्त करत आला होता. कोणाला न सांगता, कारण सांगितलं तर ज्याची चूक त्याला बोलणी बसायची. ती चूक दर वेळी एकाच एक्सेल शीटमधून येत होती. त्या आठवड्यात ती शीट दुरुस्त झाली, आणि पुढच्या सोमवारची दोन मिनिटं त्याची होती.

साहेबांना ताईंना रोख बक्षीसही द्यायचं होतं. ते जरूर द्यावं, पण पगाराच्या वेळी, पत्रासोबत, केबिनमध्ये. मीटिंगमध्ये पाकीट दिलं असतं तर शेजारी बसणाऱ्या त्या मुलाला आणि ताईंना दोघांनाही जड गेलं असतं. ताईंनी नंतर एकच मागणी केली: शनिवारी पेंडिंग काढायला आणखी एक माणूस द्या. ती मागणी साहेबांकडे अजून पडून आहे, आणि टीम लीडने ती दर आठवड्याला पुन्हा मांडावी असं मी त्याला सांगितलं आहे.