सिंधी लोकांचा ‘ब’ आणि ‘ड’ वेगळा का ऐकू येतो?

प्रश्न: आमच्या बिल्डिंगमधल्या सिंधी आंटी काही शब्दांत ‘ब’, ‘ड’ आत ओढल्यासारखे बोलतात. त्या श्वास आत घेऊन बोलतात का? इजेक्टिव्ह, इम्प्लोसिव्ह, क्लिक म्हणतात ते हेच का? ते कसे काढतात आणि कुठे सापडतात?

उत्तर:

नाही, श्वास आत घेत नाहीत. छातीचा त्यात जवळजवळ काही संबंध नाही, काम चालतं ते गळ्यात. मी चेंबूरला राहतो, सिंधी कॅम्प जवळच, त्यामुळे हा आवाज लहानपणापासून कानावर आहे. भाषाविज्ञान शिकायला लागल्यावर तो नेमका कसा होतो ते कळलं.

बोलायला हवा हलवावी लागते आणि ती हलवायला सायकलच्या पंपासारखा एक दट्ट्या लागतो. मराठीत तो दट्ट्या म्हणजे फुप्फुसं, बस्स. पण तोंडात हवा कोंडून स्वरयंत्र वर-खाली केलं तरी तेच काम होतं, आणि जिभेनंही होतं. स्वरयंत्र वर ढकललं की इजेक्टिव्ह, खाली ओढलं की इम्प्लोसिव्ह, जिभेनं ओढलं की क्लिक.

तुमच्या आंटींचे आवाज इम्प्लोसिव्ह. सिंधीत ते चार आहेत आणि देवनागरीत त्यांना खाली रेघ असलेली स्वतंत्र अक्षरं आहेत: ॿ, ॾ, ॼ, ॻ. साध्या ब, ड, ज, ग पेक्षा ते वेगळे धरले जातात आणि फरक चुकला तर अर्थ बदलतो. ‘ॿारु’ म्हणजे मूल, ‘बारु’ म्हणजे ओझं. यातले बरेच शब्द आपल्या ओळखीचे निघतात. आपला दहा तो त्यांचा ‘ॾह’, दात तो ‘ॾंदु’. आपला गुरांचा गोठा आणि त्यांचं गाव, म्हणजे ‘ॻोठु’, एकाच संस्कृत शब्दातून आलेत.

आता ब आणि ॿ शेजारी ठेवून बघू. ‘ब’ म्हणताना ओठ मिटतात, स्वरतंत्री थरथरत राहतात आणि त्यांच्यामधून हवा झिरपून तोंडात जमते. तोंड बंद, त्यामुळे आतला दाब वाढतो. तो छातीतल्या दाबाच्या जवळ पोचला की हवा झिरपायची थांबते आणि थरथर विझते. ओठ मिटून लांबलचक ‘ब्ब्ब्’ करून बघा: गाल फुगतात आणि मग आवाज बंद पडतो.

‘ॿ’ मध्येही ओठ मिटतात आणि स्वरतंत्री थरथरतात, पण त्याच वेळी अख्खं स्वरयंत्र खाली सरकतं. पोकळी मोठी होते, म्हणून झिरपलेल्या हवेला जागा मिळते आणि दाब चढत नाही. तो बाहेरच्या हवेइतका राहतो किंवा किंचित खाली जातो. ओठ उघडल्यावर हवा आत घुसलीच पाहिजे असं नाही, अनेकदा ती कुठेच जात नाही. ‘आत ओढल्यासारखं’ वाटतं ते बाहेर येणारा फटका नसतो म्हणून. (आपल्या ‘ब’ मध्येही स्वरयंत्र थोडं खाली उतरतं. सिंधीनं तीच हालचाल वाढवून तिला स्वतंत्र काम दिलंय.)

ओळखायचं कसं? प्राट नावाचं ध्वनी तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आंटींकडून ‘ही ॿारु’ वगैरे रेकॉर्ड करून घ्या आणि ओठ मिटलेल्या काळातली लहर बघा. साध्या ‘ब’ मध्ये ती उघडायच्या क्षणाकडे बारीक होत जाते, ‘ॿ’ मध्ये मोठी होत जाते. कानानं ठरवण्यापेक्षा हे भरवशाचं.

स्वतः काढताना मराठी माणूस बहुधा दोन प्रकारे फसतो. एक, खरोखरच श्वास आत घेतो. मग पुढचा ‘आ’ सुद्धा धाप लागल्यासारखा येतो. सिंधीत ‘ॿा’ मधला ‘आ’ अगदी नेहमीचा, बाहेर जाणाऱ्या श्वासाचा असतो. दोन, आधी घसा आवळून मग ‘ब’ म्हणतो. त्याला एकदम दोष देऊ नये, कारण भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांच्या १९२४ च्या लेखाच्या शीर्षकातच या आवाजांना ‘आधी कंठ बंद होणारे’ म्हटलं होतं. कंठमण्यावर बोट ठेवा, जांभई सुरू होताना तो जसा खाली जातो तसा नेत ‘बा’ म्हणा. घशात गुणगुण चालू राहिली पाहिजे.

इजेक्टिव्हमध्ये उलट. जीभ ‘क’ च्या जागी लावा, श्वास धरा, म्हणजे स्वरतंत्री घट्ट मिटतात, आणि श्वास न सोडता जोरात ‘क्’ म्हणा. टक् असा कोरडा फटका आला तर जमलं. वातावरणाचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर सुमारे १०३० सेंटिमीटर. नेहमीच्या बोलण्यात फुप्फुसं त्यावर फार तर ५ ते १० सेंटिमीटरची भर घालतात. कोंडलेल्या हवेचं आकारमान फक्त एक टक्का घटवलं तरी दाब १० नं चढतो. म्हणून स्वरयंत्राची जराशी उचलही पुरते.

याच हिशेबातून एक गोष्ट उलगडते. ‘क’ ला जीभ मागे टेकते, त्यामुळे तिच्यामागची पोकळी लहान. स्वरयंत्राच्या तेवढ्याच हालचालीनं तिथे दाब जास्त बदलतो. ‘प’ ला मागे सगळं तोंड मोकळं, त्यात गाल लवचीक. म्हणून इजेक्टिव्ह असलेल्या भाषांत ‘क’ जवळपास नेहमी सापडतो, गळतो तो बहुधा ‘प’. इम्प्लोसिव्हचं उलटं: झिरपणाऱ्या हवेला जागा हवी, ती ओठांमागे भरपूर, म्हणून ‘ब’ चा प्रकार सर्वांत सामान्य आणि ‘ग’ चा सर्वांत दुर्मीळ. सिंधीनं तो ‘ॻ’ ही टिकवलाय, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

इजेक्टिव्ह आपल्याकडच्या मोठ्या भाषांत नाहीत. जॉर्जियन, चेचेन, इथिओपियाची अम्हारिक, अँडीजमधली केचुआ (कुस्कोकडची), अमेरिकेतली नवाहो, मायन भाषा, ही त्यांची घरं. इम्प्लोसिव्ह सिंधीशिवाय कच्छी आणि सराइकीत आहेत, पश्चिम आफ्रिकेत भरपूर, शिवाय स्वाहिली, व्हिएतनामी आणि ख्मेरमध्ये. हौसा भाषेत तर दोन्ही आहेत.

क्लिक तुम्ही रोज काढता. कुणाची कीव आली की जे च्‌च्‌ करतो ते क्लिकच. जिभेचा मागचा भाग टाळूला लागलेला, टोक दातांमागे, मधे हवेची छोटी खोबण. जीभ मधून खाली ओढली की खोबण मोठी होते आणि टोक सुटताच हवा आत घुसते. इथे मात्र ती खरंच आत येते. सगळं तोंडाच्या पुढच्या भागात उरकतं, त्यामुळे च्‌च्‌ करताना नाकानं गुणगुणता येतं. करून बघा. आपल्याकडे हा फक्त उद्गार. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसात तो शब्दातलं व्यंजन असतो, आणि त्यांनी तो शेजारच्या खोइसान भाषांकडून घेतला. टांझानियातल्या हाद्झा आणि सांदावे भाषांतही क्लिक आहेत. आफ्रिकेबाहेर व्यंजन म्हणून तो एकाच ठिकाणी नोंदला गेलाय, ऑस्ट्रेलियातल्या लार्डिल लोकांच्या दामिन या विधीच्या बोलीत.

आंटींना विचारायचंच असेल तर ‘ॾह’ आणि ‘ॿारु’ वर थांबू नका, ‘ॻोठु’ म्हणायला लावा. उल्हासनगर किंवा चेंबूर कॅम्पात वाढलेल्या ज्येष्ठांकडून चारही आवाज ऐकायला मिळतील. मुलुंड-घाटकोपरला कुणी कच्छी ओळखीचं असेल तर त्यांच्या बोलण्यातही हे आवाज कान देऊन ऐका.