कूलर, एसी आणि ‘वी वेअर ऑन अ ब्रेक’

प्रश्न: सिटकॉममध्ये तोच तो विनोद दहाव्यांदा आला की पहिल्यापेक्षा जास्त हसू का येतं? आणि जुन्या भागातला संदर्भ अचानक आला की एवढं भारी का वाटतं?

आधी आमच्या नागपूरच्या घरातलं सांगतो, मग मालिकेकडे येतो.

माझे मामा दर एप्रिलमध्ये कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावतात आणि घाम पुसत म्हणतात, "पुढच्या वर्षी एसी घेऊनच टाकू पोट्टेहो." पहिल्या वर्षी यात विनोद नव्हता, आम्हाला खरंच वाटलं होतं. तिसऱ्या वर्षी आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. सातव्या वर्षी मामांनी नुसता ताट्यांना हात लावला तरी स्वयंपाकघरातून मामीचा आवाज यायचा, "हो, घेऊनच टाका!" मग डिसेंबरात एका लग्नाला गेलो. हॉलमधला एसी इतका गार, की मामा शाल गुंडाळून बसलेले. कोणीतरी हळूच विचारलं, "मामा, पाणी टाकलं का कूलरमध्ये?" आमची अख्खी रांग हसून बेजार. शेजारच्या खुर्चीवरची नवी सून मात्र गोंधळून पाहत होती. ते वाक्य तिच्यासाठी नव्हतंच.

सिटकॉमचा लेखक हेच करतो, फक्त ठरवून. 'फ्रेंड्स'मधलं रॉसचं 'वी वेअर ऑन अ ब्रेक' घ्या. तिसऱ्या सीझनमध्ये, १९९७ साली, रॉस आणि त्याची प्रेयसी रेचल यांचं भांडण होतं, रेचल 'ब्रेक घेऊ' म्हणते आणि त्याच रात्री रॉस दुसऱ्या मुलीबरोबर जातो. पुढे तो ते वाक्य बचावासाठी म्हणतो तेव्हा हसू येत नाही. प्रसंग दुखरा आहे, आणि चूक कोणाची हे आजही ठरत नाही. हा वाद मिटला असता तर विनोद तिथेच संपला असता.

खरी कारागिरी चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात आहे. रेचल त्याला अठरा पानी, पाठपोट पत्र देते. पहाटे साडेपाचला ते वाचता वाचता रॉस झोपतो आणि न वाचताच 'मान्य आहे' म्हणून मोकळा होतो. मग कळतं, सगळा दोष आपलाच हे त्याने कबूल केलंय. दोघं पुन्हा एकत्र येतात. ती त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत राहते, तो दात-ओठ खात गप्प बसतो. इथे प्रेक्षकाला ते वाक्य रॉसच्या आधी ऐकू येतं. आता फुटेल, मग फुटेल, असं करत शेवटी तो ओरडतोच. तुम्ही हसता ते शब्दांना नाही. तुमचा अंदाज खरा ठरला आणि दाबून धरलेलं सुटलं, म्हणून हसता.

म्हणजे दर वेळी वाक्य तेच असलं, तरी त्याच्याकडे जाणारी वाट वेगळी लागते. कधी ते दाबून धरायचं, कधी दुसऱ्याच्या तोंडी द्यायचं, कधी अर्धवट सोडायचं. अंतरही लागतं. लागोपाठ दोन भागांत तेच आलं तर प्रेक्षक तयारच असतो. बऱ्याच भागांनी आलं तर आठवण त्याला स्वतः खोदून काढावी लागते, आणि विनोद पूर्ण करण्यात त्याचा हात लागतो. भारी वाटतं ते त्यामुळे. २००४ च्या शेवटच्या भागात दोघं कायमचं ठरवतात आणि रॉस हळूच ब्रेकचा उल्लेख करतो. नव्या माणसाला ती एका घाबरट माणसाची नको त्या वेळची थट्टा वाटते, सात वर्षं पाहणाऱ्याला सगळं भांडण आठवतं. जुन्या विनोदाचा असा मागाहून येणारा संदर्भ म्हणजे कॉलबॅक. चांगला कॉलबॅक नव्या माणसाला अडवत नाही, जुन्याला जास्त देतो.

फसतं कुठे? 'तारक मेहता'मधल्या पोपटलालचं लग्न पाहा. छत्री, 'दुनिया हिला दूंगा', 'कॅन्सल, कॅन्सल' हे सगळं सुरुवातीला मस्त होतं, कारण खाली एका एकट्या माणसाची खरी तळमळ होती. पण मालिका २००८ पासून चालू आहे, भाग चार हजारांवर गेलेत. स्थळ मोडणार हे पहिल्या मिनिटालाच कळतं, त्यामुळे गंमत मोडण्याच्या तऱ्हेत हवी. माझ्या मते ती तऱ्हाच आता ठरीव झालीय. ओळख साधी आहे: पात्राला त्या क्षणी ते बोलायची गरज नसताना नुसत्या टाळ्यांसाठी वाक्य आलं, की समजायचं विनोद शिळा झाला.

आमच्याकडे मागच्या मे महिन्यात मामांनी खरंच एसी घेतला. आम्ही जरा हिरमुसलोच, आता संपलं म्हणून. संध्याकाळी मशीन सुरू झालं, सगळे खाली गादीवर बसलो. मामा बराच वेळ वर पाहत राहिले, मग मामीकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "याच्यात पाणी कुठून टाकतात व?"

सगळ्यांत आधी हसली ती तीच सून.